उजळ यकृत: सोनोग्राफीतल्या तीन श्रेणींचा इतिहास

कोपर, डोंबिवली किंवा दिवा भागातल्या कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात गेलात तर दारावर एक पाटी हमखास दिसते: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटले की पहिल्यांदा गर्भ आठवतो, आणि महाराष्ट्राने याविषयी १९८८ साली, म्हणजे केंद्र सरकारच्या १९९४ च्या कायद्याआधीच, स्वतःचा कायदा केला होता. पण बाहेरच्या बाकावर बसलेल्या लोकांकडे जरा नीट पाहा. त्यांत गरोदर बायकांइतकेच चाळिशी-पन्नाशीचे पुरुष आणि स्त्रिया असतात. कोणाला पोटात दुखते म्हणून, कोणाला मुतखड्याची शंका म्हणून, कोणाला कार्यालयाच्या वार्षिक तपासणीसाठी पाठवलेले असते. ज्यासाठी आलो ते काही निघाले नाही, तरी अहवालात एक ओळ पुष्कळदा येते: यकृताचा आकार किंचित मोठा, उजळपणा वाढलेला, ग्रेड वन फॅटी लिव्हर. कधी ग्रेड टू, क्वचित ग्रेड थ्री.

ही श्रेणी आली कुठून? रक्तातली साखर मोजावी तसे यंत्राने काही मोजून हा आकडा दिलेला नसतो. पडद्यावरच्या करड्या चित्राकडे एका माणसाने डोळ्यांनी पाहिलेले असते आणि तीन खणांपैकी एका खणात ते चित्र ठेवलेले असते. असे असूनही या आकड्यावर लोक तेल सोडतात, औषधे सुरू करतात, कधी घाबरून जातात, तर कधी 'वनच आहे ना' म्हणून निर्धास्त राहतात. म्हणून या तीन खणांची जन्मकथा माहीत असलेली बरी. तिच्यात शाळेच्या विज्ञानातले ध्वनीचे प्रकरण जवळजवळ सगळे येऊन जाते.

यकृतात चरबी साठते हे वैद्यांना सोनोग्राफीच्या शंभरहून अधिक वर्षे आधीपासून ठाऊक होते. पण ते कळे शवविच्छेदनात, किंवा पुढे सुईने जिवंत माणसाच्या यकृताचा दोऱ्याएवढा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. इटलीच्या मेंघिनी यांनी १९५८ साली अशी सुई आणली की यकृतात ती जेमतेम सेकंदभर राही. त्यामुळे ही तपासणी बरीच सुरक्षित झाली. तरीही सुई ती सुईच. ठणठणीत दिसणाऱ्या माणसाच्या यकृतात सुई घालायला कोण तयार होणार? म्हणून यकृतातील चरबी हा दारू पिणाऱ्यांचा किंवा रुग्णालयात पडलेल्यांचा प्रश्न आहे, अशी समजूत दीर्घकाळ टिकली. दारू न पिणाऱ्यांच्या यकृतातही तसेच, आणि दाहासहित, चित्र दिसू शकते याला १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या लुडविग आणि सहकाऱ्यांनी नाव दिले. तेही सुईने काढलेल्या तुकड्यांवरूनच.

त्याच १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी श्राव्यातीत ध्वनीने पोटातल्या गाठींची आणि गर्भाची चित्रे प्रसिद्ध केली होती. मग यकृताची चरबी दिसायला आणखी वीस वर्षे का लागली? याचे उत्तर पडद्यात आहे. त्या काळचा पडदा फक्त दोनच गोष्टी दाखवू शके: ठिपका आहे किंवा ठिपका नाही. ठरावीक पातळीपेक्षा जोरदार प्रतिध्वनी आला की पांढरा ठिपका, नाहीतर काळे. अवयवाची कड, गर्भाचे डोके, पाण्याने भरलेली गाठ यांच्यासाठी हे पुरेसे होते. पण यकृताच्या आतला भाग कडांनी बनलेला नसतो. तिथून येतात ते असंख्य अतिक्षीण प्रतिध्वनी, आणि ते सगळे त्या पातळीच्या खाली राहून काळोखात जात. १९७० च्या सुमारास सिडनीत जॉर्ज कोसॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिध्वनीच्या जोराप्रमाणे करड्या रंगाच्या छटा दाखवण्याची पद्धत विकसित केली. यालाच ग्रे स्केल म्हणतात. यकृत आता पडद्यावर एका सारख्या, बारीक दाण्याच्या करड्या कापडासारखे दिसू लागले. 'हे यकृत जास्त उजळ आहे' असे वाक्य त्याआधी कोणी म्हणूच शकले नसते.

ते वाक्य छापून आले १९७९ साली. जोसेफ, ड्यूबरी आणि मॅकग्वायर या तिघांनी ब्रिटनच्या एका क्ष-किरणशास्त्राच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला आणि त्यात 'उजळ यकृत' हा शब्दप्रयोग केला. मात्र शीर्षकात चरबीचा उल्लेखही नव्हता. उजळपणा हे जुनाट यकृतविकाराचे लक्षण, असे त्यांनी मांडले होते. जुनाट विकारात यकृतात दोन गोष्टी होऊ शकतात: पेशींमध्ये चरबी साठते, आणि पेशींच्या मधे जखमेच्या व्रणासारखे तंतू वाढतात. या दुसऱ्या प्रकाराला आपण तंतुमयता म्हणू. तीच वाढत गेली की यकृत गाठाळ आणि कठीण होते, ज्याला सिऱ्होसिस म्हणतात. धोकादायक गोष्ट आहे ती मुख्यतः ही दुसरी. आता प्रश्न असा की पडद्यावर जे उजळते ते चरबीमुळे की तंतूंमुळे? दारूच्या रोग्यांत बहुधा दोन्ही एकत्र असतात, त्यामुळे गुंता सुटेना.

तो बऱ्याच अंशी सुटला १९८६ साली. लंडनमधील सॅवेरिमुट्टू, जोसेफ आणि मॅक्सवेल यांनी यकृतविकाराच्या शंकेने दाखल झालेल्या ८५ रोग्यांची सोनोग्राफी केली आणि सुईने काढलेल्या तुकड्याशी ती ताडून पाहिली. तुकड्यात ४८ जणांना चरबी होती. सोनोग्राफीने त्यांतले ४५ ओळखले. उरलेल्या ३७ जणांना चरबी नव्हती. त्यांतल्या सहांना सोनोग्राफीने चुकून चरबी असल्याचे ठरवले. म्हणजे चरबी ओळखण्यात ती चांगलीच उतरली. तंतुमयता ओळखण्यात मात्र जवळजवळ निम्म्या रोग्यांत ती फसली. उजळपणा मुख्यतः चरबीचा असतो, हे यावरून पक्के झाले. आणि त्याच आकड्यांनी हेही सांगितले की जी गोष्ट खरी धोक्याची, ती या चित्रात नीट दिसत नाही. दुर्दैवाने या निबंधाचा पहिला अर्धा भाग जगभर पोचला आणि दुसरा मागे राहिला, असे माझे मत आहे.

चरबीमुळे यकृत उजळते कसे, हे वर्गात दाखवणे सोपे आहे. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, पेल्यामागे एक पेन्सिल उभी करा आणि समोरून बॅटरीचा उजेड टाका. आता ड्रॉपरने दुधाचे थेंब सोडत जा, दर वेळी ढवळा. पहिल्या एकदोन थेंबांनी पाणी किंचित पांढुरके होते, पेन्सिल स्पष्टच दिसते. आणखी काही थेंबांनी पांढुरकेपणा वाढतो आणि पेन्सिलीच्या कडा धूसर होतात. पुढे एक वेळ अशी येते की समोरचा भाग लख्ख पांढरा दिसतो आणि पेन्सिल पार नाहीशी होते. दुधातले चरबीचे कण उजेड सर्व दिशांना विखुरतात. जो मागे, म्हणजे आपल्याकडे, विखुरतो त्याने समोरचा भाग उजळतो; आणि जो वाटेतच विखुरला तो पेन्सिलीपर्यंत पोचत नाही. उजळणे आणि अंधुक होणे ही एकाच घटनेची दोन तोंडे आहेत. सोनोग्राफीच्या तीन श्रेणी म्हणजे पेल्यातल्या याच तीन अवस्था.

फक्त एक फरक मुलांना सांगायला हवा. उजेडाच्या तरंगलांबीच्या मानाने दुधातले कण लहान नसतात. यकृतात उलट आहे. पोटाच्या तपासणीत साधारण ३.५ मेगाहर्ट्झ वारंवारितेचा ध्वनी वापरतात. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. भागाकार करा: तरंगलांबी आली ०.४४ मिलिमीटर. यकृताची पेशी असते मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश भागाएवढी, आणि चरबीचा थेंब तिच्याही आत मावतो. म्हणजे एका तरंगाच्या लांबीत पंधरा-वीस पेशी बसतात. एकटा थेंब ध्वनीला दिसतच नाही. पण चरबीत ध्वनी जरा सावकाश जातो आणि चरबीची घनता कमी असते, म्हणून प्रत्येक थेंब थोडासा ध्वनी विखुरतो. असे लक्षावधी थेंब मिळून प्रतिध्वनीचा जोर वाढवतात. पडद्यावर जे दाणे दिसतात ते थेंबांचे चित्र नसते. अनेक लहान प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून तयार झालेली ती नक्षी असते.

आता उजळपणा. पण कशापेक्षा उजळ? सोनोग्राफीच्या यंत्रावर एकूण चित्र उजळ करण्याचे एक बटण असते आणि निरनिराळ्या खोलीवरचे प्रतिध्वनी कमीजास्त वाढवण्यासाठी सरकत्या पट्ट्यांची एक रांग असते. ती लागते, कारण खोलवरून येणारा प्रतिध्वनी वाटेत क्षीण झालेला असतो. हे बटण फिरवून कोणतेही निरोगी यकृत हवे तितके पांढरे करता येते. म्हणून नुसत्या उजळपणाला काही अर्थ नाही. जवळच, त्याच खोलीवर, त्याच चित्रात दुसरा एखादा अवयव मोजमापासाठी हवा. तो निसर्गाने दिला आहे. यकृताच्या उजव्या भागाला खालून चिकटून उजवे मूत्रपिंड असते. बरगड्यांखालून उभा छेद घेतला की दोन्ही एका चित्रात शेजारी दिसतात. निरोगी माणसात यकृत आणि मूत्रपिंडाचा बाहेरचा थर साधारण सारखेच करडे असतात, किंवा यकृत किंचित उजळ असते. यकृतात चरबी साठली की मूत्रपिंड त्याच्यापुढे काळेभोर दिसू लागते. दोन्हींवर बटणाचा परिणाम सारखाच होत असल्यामुळे हा फरक बटणाने सहसा पुसला जात नाही.

दुसरे लक्षण शिरांचे. यकृतात दोन प्रकारच्या शिरा दिसतात. आतड्यांकडून रक्त आणणारी पोर्टल शीर आणि तिच्या शाखा तंतूंच्या जाड वेष्टनात गुंडाळलेल्या असतात. म्हणून करड्या यकृतात त्यांच्या कडा दोन पांढऱ्या रेघांसारख्या उठून दिसतात. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांना असे वेष्टन नसते. त्या नुसत्या काळ्या वाटांसारख्या दिसतात. चरबी वाढली की आधी पोर्टल शाखांच्या त्या पांढऱ्या रेघा हरवतात. रेघ तिथेच असते. पण भोवतालचे यकृत तिच्याइतकेच पांढरे झाल्याने ती ओळखू येत नाही. खडूने पांढऱ्या भिंतीवर लिहावे तसे. पुढे विखुरण्यामुळे ध्वनीची शलाकाही विस्कटते आणि बाहेर जाणाऱ्या शिरांच्या काळ्या वाटासुद्धा भरून आल्यासारख्या अरुंद आणि पुसट दिसतात.

तिसरे लक्षण श्वासपटलाचे. यकृताच्या मागे श्वासपटलाची चकचकीत पांढरी कमान निरोगी माणसात स्वच्छ दिसते. ती दिसेनाशी का होते याचा हिशोब करून पाहू. निरोगी यकृतात दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झला ध्वनी साधारण अर्धा डेसिबल क्षीण होतो. ३.५ मेगाहर्ट्झला ते झाले १.७५ डेसिबल. श्वासपटल १२ सेंटिमीटर खोल धरले तर जाऊन येऊन २४ सेंटिमीटरचा प्रवास, म्हणजे एकूण ४२ डेसिबलची घट. चरबीने भरलेल्या यकृतात हा दर ०.८ पर्यंत गेला असे समजू. मग दर सेंटिमीटरला २.८ आणि एकूण सुमारे ६७ डेसिबल. फरक २५ डेसिबलचा. डेसिबलचे माप गुणाकाराचे आहे: दहा डेसिबल म्हणजे दहापट, वीस म्हणजे शंभरपट, पंचवीस म्हणजे तीनशेहून अधिक पट. श्वासपटलावरून परतणारा ध्वनी निरोगी माणसाच्या तुलनेत तीनशेव्या हिश्शाहून कमी उरला, तर कमान काळोखात जाणारच. यंत्राच्या पट्ट्या निरोगी शरीराच्या हिशोबाने लावलेल्या असतात; त्या इतकी तूट भरून काढू शकत नाहीत.

ही तीन लक्षणे एकावर एक रचून १९८४ साली अमेरिकेतील स्कॅटारिज आणि सहकाऱ्यांनी ज्या तीन पायऱ्या मांडल्या, त्याच थोड्याफार फरकाने आजही आपल्या अहवालांत येतात. पहिली पायरी: यकृत किंचित उजळ, पण शिरांच्या कडा आणि श्वासपटल नीट दिसतात. दुसरी: उजळपणा मध्यम, शिरांच्या कडा आणि श्वासपटल थोडे अंधुक. तिसरी: यकृत खूप उजळ, शिरांच्या कडा, श्वासपटल आणि यकृताचा मागचा भाग जवळजवळ किंवा अजिबात दिसत नाही. 'किंचित', 'मध्यम', 'खूप' हे शब्द लक्षात घ्या. यात कुठेही आकडा नाही. आकडा फक्त श्रेणीच्या नावात आहे.

ही तपासणी स्वस्त, सुईविना आणि किरणोत्साराविना होत असल्याने तिने एक गोष्ट शक्य केली, जी बायॉप्सीने कधीच झाली नसती: निरोगी समजल्या जाणाऱ्या माणसांची वस्तीच्या वस्ती तपासणे. आपल्याकडे हे काम मुंबईत झाले, आणि कोपरसारख्या रेल्वेवर जगणाऱ्या गावाला आपुलकी वाटावी असे ते आहे. डॉ. दीपक अमरापूरकर आणि सहकाऱ्यांनी दोन रेल्वे वसाहतींमधल्या दहा वर्षांवरील रहिवाशांना तपासणीसाठी बोलावले. ११६८ माणसांची प्रश्नावली भरून घेतली, उंची, वजन आणि कंबर मोजली, रक्त तपासले आणि सोनोग्राफी केली. दारूमुळे किंवा ठाऊक असलेल्या यकृतविकारामुळे चरबी असण्याची शक्यता असलेले लोक वगळले. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: प्रौढांमध्ये शेकडा सुमारे १९ जणांचे यकृत चरबीयुक्त होते, पुरुषांत जवळजवळ २५, स्त्रियांत सुमारे १४. रुग्णालयात न आलेली, आपापल्या कामावर जाणारी ही माणसे होती. भारतात हा विकार फारसा नसावा, असे मानण्याला मग जागा उरली नाही. बॉम्बे हॉस्पिटलमध्ये काम करणारे अमरापूरकर २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत, पाण्याखाली न दिसणाऱ्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून वारले. पुष्कळांना त्यांचे नाव त्या बातमीमुळेच ठाऊक आहे. ते या कामासाठीही ठाऊक असायला हवे. भारत सरकारने या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला तो २०२१ साली.

त्या १९ टक्क्यांचा अर्थ लावताना मात्र पेला आठवायला हवा. दुधाचा पहिला थेंब पडला तेव्हा पाणी पांढरे झाले की नाही, यावर चार मुलांत वाद होतो. सोनोग्राफीचेही तेच. सूक्ष्मदर्शकाखाली शंभरातल्या पाचांहून अधिक पेशींत चरबी दिसली की यकृत चरबीयुक्त म्हणतात. पण साध्या सोनोग्राफीत ती खात्रीने दिसायला शंभरातल्या वीस ते तीस पेशी भरलेल्या असाव्या लागतात. म्हणजे सोनोग्राफीने मोजलेली संख्या ही बहुधा खऱ्यापेक्षा कमीच असते. 'यकृत सामान्य' या अहवालाचा अर्थ चरबी नाही असा होत नाही. पडद्यावर दिसेल इतकी नाही, एवढाच होतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, कोपरच्या एका शाळेतल्या बाई आहेत, वय ४४. जानेवारीत पोटदुखीसाठी सोनोग्राफी झाली, अहवाल आला ग्रेड वन. बाईंनी संध्याकाळचे चालणे सुरू केले, चहातली साखर सोडली, वजन तीन किलो उतरले. मे महिन्यात डोंबिवलीच्या दुसऱ्या केंद्रात पुन्हा तपासले, तर अहवाल ग्रेड टू. बाई रडकुंडीला आल्या. चालण्याने चरबी वाढली की काय?

असे होण्याची कारणे एकेक करून पाहावी लागतात. पहिले, यंत्र वेगळे. ध्वनीची वारंवारिता जास्त निवडली असेल तर क्षीणन वाढते आणि तेच श्वासपटल अंधुक दिसते. दुसरे, जाड पोटाच्या त्वचेखालची चरबीसुद्धा ध्वनी खाते. तिच्यामुळे मागचा भाग अंधारला तर दोष यकृताच्या माथी येतो. तिसरे, मूत्रपिंडाशी तुलना वेगवेगळ्या खोलीवर केली असेल तर ती फसवी असते. आणि मूत्रपिंडच विकाराने उजळ झाले असेल तर यकृत उगाचच निरोगी ठरते. चौथे, पाहणारा माणूस. इस्रायलमधील स्ट्रॉस आणि सहकाऱ्यांनी २००७ साली १६८ तपासण्यांची चित्रे तीन तज्ज्ञांना दाखवली आणि महिन्याहून अधिक काळाने तीच चित्रे पुन्हा दाखवली. चरबी आहे की नाही एवढ्यावर दोन तज्ज्ञांचे एकमत झाले शंभरातल्या सुमारे ७२ वेळा. स्वतःच्याच आधीच्या मताशी तज्ज्ञ जुळले सुमारे ७६ वेळा. श्रेणी कोणती यावर तर एकमत त्याहून कमी. आणि इथे चित्रे तीच होती! बाईंच्या बाबतीत यंत्र, केंद्र, माणूस, सगळेच बदलले होते. तेव्हा वनचे टू होणे किंवा टूचे वन होणे, एवढ्यावरून यकृतात काही बदल झाला असे म्हणता येत नाही. दोन्ही वेळची चित्रे शेजारी ठेवून एकाच माणसाने पाहिली, तर काही बोलता येईल. बाईंनी चालणे सोडू नये हे तर उघडच आहे. तीन किलो कमी झालेले वजन तागडीवर मोजलेले आहे, पडद्यावर अंदाजलेले नाही.

त्यांच्या डॉक्टरांनी पुढे विचारायचा प्रश्न दुसराच आहे, १९८६ च्या निबंधातल्या मागे राहिलेल्या भागातला: तंतुमयता आहे का? ती या श्रेणीवरून कळत नाही. ग्रेड थ्री असलेल्या माणसात तंतू नसू शकतात, ग्रेड वनमध्ये असू शकतात. फार पुढे गेलेल्या सिऱ्होसिसमध्ये तर पेशींतली चरबी कमी होत जाते. म्हणजे श्रेणी उतरली आणि रोग वाढला, असेही घडते. प्राथमिक चाळणीसाठी आता साध्या रक्ततपासणीतून एक गुणोत्तर काढतात, त्याला फिब-फोर म्हणतात. वयाला एएसटी या रक्तातील घटकाच्या आकड्याने गुणायचे, खाली बिंबिकांची संख्या हजारांत घेऊन तिला एएलटी या दुसऱ्या घटकाच्या वर्गमूळाने गुणायचे, मग भागायचे. बाईंचे एएसटी ३८, एएलटी ४९ आणि बिंबिका २ लाख २० हजार आहेत असे धरू. वर ४४ गुणिले ३८, म्हणजे १६७२. खाली २२० गुणिले ७, म्हणजे १५४०. उत्तर सुमारे १.०९. हे १.३ पेक्षा कमी असेल तर पुढे गेलेल्या तंतुमयतेची शक्यता कमी मानतात. ग्रेड टूच्या कागदाने जेवढे सांगितले नाही, तेवढे या शाळकरी गणिताने सांगितले. फार कमी वयात किंवा उतारवयात हे गुणोत्तर तितके भरवशाचे नसते, एवढे लक्षात ठेवावे.

एक चकवा आणखी सांगतो, कारण तो कधीकधी घरात मोठी धावपळ उडवतो. चरबी यकृतात सगळीकडे सारखी साठत नाही. पित्ताशयाजवळचा आणि पोर्टल शीर आत शिरते तिथला थोडा भाग पुष्कळदा वाचतो. उजळ यकृतात तो वाचलेला तुकडा काळसर डागासारखा दिसतो आणि गाठ असावी अशी शंका येते. अनुभवी डोळा दोन गोष्टी पाहतो. हा डाग ठरलेल्या जागीच आहे का? आणि त्याच्यातून जाणाऱ्या शिरा सरळ, न ढकलल्या जाता जातात का? खरी गाठ शिरांना बाजूला सारते. वाचलेला भाग सारत नाही. म्हणजे जो भाग निरोगी तोच डाग म्हणून दिसतो, आणि तो ओळखायलाही शिराच उपयोगी पडतात. तरीही संशय राहिलाच तर दुसऱ्या तपासणीने तो फेडून घेतात.

डोळ्यांचा अंदाज काढून टाकायचा तर ज्या राशीमुळे श्वासपटल हरवते तीच मोजायला हवी. २०१० साली फ्रान्समध्ये नेमके हेच केले गेले. यकृताची कठीणता मोजण्यासाठी आधीच वापरात असलेल्या फायब्रोस्कॅन यंत्रात, ३.५ मेगाहर्ट्झच्या ध्वनीची दर मीटरला किती डेसिबल घट होते हे मोजण्याची सोय आली. मघाशी आपण निरोगी यकृताचा दर सेंटिमीटरला १.७५ डेसिबल धरला होता. मीटरला तो १७५ होतो. चरबीने भरलेल्याचा २.८, म्हणजे २८०. या यंत्राचे आकडे १०० ते ४०० च्या दरम्यान येतात, आणि अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली साधारण २४८ ही चरबी असण्या-नसण्यातली सीमारेषा सुचवली गेली. आपला पेल्यावरचा आणि कागदावरचा हिशोब त्या यंत्राच्या आकड्यांशी इतका जवळ येतो, हे नववी-दहावीच्या मुलांना दाखवण्यासारखे आहे. शिवाय तेच यंत्र कठीणताही मोजत असल्याने चरबी आणि तंतू यांचे दोन वेगळे आकडे हाती येतात.

पण हे यंत्र महाग आहे आणि बहुतेक छोट्या केंद्रांत नसते. तिथे अजूनही अंधाऱ्या खोलीत एक माणूस पडद्याकडे पाहतो, रुग्णाला श्वास रोखायला सांगतो, यकृत आणि मूत्रपिंड एका चित्रात आणतो, शिरांच्या कडा शोधतो आणि मग 'किंचित', 'मध्यम' किंवा 'खूप' यांपैकी एक शब्द निवडतो. अहवालात श्रेणीच्या जोडीला शिरांच्या कडा दिसल्या की नाहीत, श्वासपटल दिसले की नाही, मूत्रपिंडाच्या तुलनेत यकृत कसे होते, एवढे तीन शब्दांत लिहिलेले असेल तर पुढच्या वेळी पाहणाऱ्याला ताडून पाहता येते. नुसते 'ग्रेड वन' लिहिलेले असेल तर येत नाही. कागद घेताना एवढे विचारून घ्यायला हरकत नाही, आणि पडद्यावरच्या चित्रांची प्रत मागून घ्यायलाही नाही.